पास, मीटर आणि अडवलेली जागा

विजेची गाडी घेतलेल्या माणसाला पूर्वी लोक विचारत, "एका चार्जिंगमध्ये किती जाते हो?" आता गाडीवालाच इतरांना विचारतो, "कुठला प्लॅन घेऊ?" पुण्याचा माझा पुतण्या विचारतो. आमच्या आळीतल्या एका निवृत्त तलाठ्याचा मुलगा कराड-पुणे भाड्याने गाडी चालवतो, तो विचारतो. मला विचारण्याचे कारण एवढेच, की मी तीस वर्षे गणित शिकवले आणि शेकडेवारीची उदाहरणे अजून तोंडी सोडवतो. गाडी माझ्याकडे नाही आणि या वयात घेणारही नाही. पण हिशेब गाडीचा नाहीच, दरपत्रकाचा आहे. दरपत्रके वाचायला आम्ही पिढ्यान् पिढ्या शिकलो आहोत, फक्त ती एसटीची आणि वीज मंडळाची होती.

सार्वजनिक चार्जिंगचे पैसे साधारण तीन तऱ्हांनी घेतले जातात. पहिली तऱ्हा युनिटची. जितकी वीज गाडीत गेली, तितके युनिट गुणिले दर, वर १८ टक्के जीएसटी. (घरच्या विजेवर जीएसटी नाही, पण चार्जिंग केंद्रात मिळते ती 'सेवा' धरली जाते, म्हणून तिथे लागतो.) दुसरी तऱ्हा मासिक वर्गणीची. महिन्याला ठराविक रक्कम भरा, मग युनिटचा दर कमी लागेल. तिसरा आकार वेळेचा. गाडी भरून झाली तरी जागा अडवून ठेवली, तर मिनिटामागे दंड. केंद्रांच्या जाहिरातीत पहिले दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात. तिसरा अटींमध्ये असतो आणि चौथी गोष्ट, म्हणजे हे केंद्र तुमच्या रस्त्यावर आहे का आणि असले तर चालू आहे का, ती कुठेच लिहिलेली नसते.

आधी वर्गणीकडे बघू. ही कल्पना आपल्याला नवी नाही. एसटीचा मासिक पास २० दिवसांचे भाडे घेऊन ३० दिवस प्रवास देतो. आम्ही शिक्षक रोज शेजारच्या गावी जात असू. शाळा चोवीस-पंचवीस दिवस भरे, तेव्हा पास फायद्याचा. दिवाळीच्या आणि मे महिन्यात कुणीही पास काढत नसे, कारण विसाव्या दिवसापर्यंत पास तोट्यात असतो हे सगळ्यांना पाठ होते. तो विसावा दिवस म्हणजे समतोलाचा बिंदू. प्रत्येक वर्गणीला असा एक विसावा दिवस असतो. तो शोधायला एकच भागाकार लागतो: महिन्याची वर्गणी भागिले एका युनिटमागची सूट.

समजा, महामार्गावरच्या जलद चार्जिंगचा दर करासह २२ रुपये युनिट आहे. वर्गणीदाराला १७ रुपये पडतो आणि वर्गणी महिन्याला ३०० रुपये. सूट ५ रुपयांची. ३०० भागिले ५ म्हणजे ६० युनिट. महिन्याला त्या एका कंपनीच्या केंद्रांवर ६० युनिटांपेक्षा जास्त वीज घेणार असाल तरच वर्गणी भरावी. (आकडे उदाहरणाचे आहेत, पण फार दूरचे नाहीत. टेस्लाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले पहिले केंद्र उघडले, तेव्हा जलद चार्जिंगचा दर युनिटला २४ रुपये ठेवला होता.) अमेरिकेत इलेक्ट्रिफाय अमेरिका ही कंपनी महिन्याला सात डॉलर घेऊन दरात सुमारे २५ टक्के सूट देते. तिथेही भागाकार हाच. वर्गणी छोटी दिसते, पण ६० युनिट म्हणजे किती, हा प्रश्न ती विकणारा कधी विचारत नाही.

किती, ते पुतण्याच्या उदाहरणातून दाखवतो. तो महिन्यातून एकदा पुण्याहून औंधला येतो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्याच्या गाडीची बॅटरी ४५ युनिटांची आहे. गाडी शहरात युनिटला सात किलोमीटर देते, पण महामार्गाचा वेग आणि खंबाटकीचा चढ धरला तर सहाच धरावेत. म्हणजे एका फेरीला २५ युनिट. पुण्याहून भरून निघाला की औंधला पोचेपर्यंत २० युनिट शिल्लक राहतात. परत जायला २५ हवेत आणि पाचेक हाताशी राखायला हवेत. म्हणजे गावी मुक्कामात किमान दहा युनिट मिळाले की काम झाले.

आणि ते मिळतात. वाड्याच्या पडवीत पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे. त्यातून गाडीसोबत येणारा चार्जर तासाला सुमारे सव्वातीन युनिट घेतो. रात्री आठ तास लावली, तर वाटेतली गळती वजा जाऊन बावीस-तेवीस युनिट सकाळी बॅटरीत असतात. एकच गोष्ट करून घ्यावी लागली, ती म्हणजे अर्थिंग. जुन्या घरांत अर्थिंगची तार नावाला असते. गाडीचा चार्जर ते तपासतो आणि ठीक नसेल तर लाल दिवा लावून वीज घ्यायलाच नकार देतो. लोक मग म्हणतात, गाडी बिघडली. गाडी शाबूत असते, घराचे अर्थिंग गेलेले असते. वायरमनकडून नवा अर्थिंगचा खड्डा करून घेतला की प्रश्न मिटतो. सॉकेटही चांगला, स्वतंत्र तारेवरचा हवा. आठ तास सलग भार वाहताना हलका सॉकेट तापतो. हात लावून बघावा, चटका बसत असेल तर ताबडतोब बदलावा.

आता या विजेचा खर्च. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना ५.८८ रुपये, १०१ ते ३०० ला ११.४६ आणि ३०१ ते ५०० ला १५.७२ रुपये असा दर होता. शिवाय १६ टक्के वीज शुल्क. आमच्या दोघा म्हाताऱ्यांचे घर महिन्याला साठेक युनिटांत भागते. पुतण्याची गाडी पंचवीसेक युनिट घेऊन गेली तरी आम्ही पहिल्या टप्प्यातच राहतो आणि युनिट सात रुपयांच्या आत पडतो. पण त्याच्या पुण्याच्या घरात गाडीआधीच २८० युनिट जळतात. तिथे गाडीचे जवळजवळ सगळे युनिट तिसऱ्या टप्प्यात जातात आणि शुल्कासह अठरा रुपयांना पडतात. म्हणजे घरची वीज स्वस्त आणि बाहेरची महाग हे सरसकट खरे नाही. कुणाचे घर, आणि त्यात आधी किती जळते, यावर ते ठरते. अशा घरांनी किंवा सोसायट्यांनी चार्जिंगसाठी वेगळी जोडणी आणि वेगळा मीटर मागावा. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे.

मग पुतण्याला महामार्गावर वीज कधी लागते? वळवाच्या पावसात रात्रभर वीज गेली तर. तेव्हा तो साताऱ्याला थांबून अठरा युनिट घेतो. बावीसच्या दराने ३९६ रुपये. वर्गणीदार असता तर ३०६ अधिक ३०० म्हणजे ६०६ रुपये झाले असते. त्याला मी सांगितले, तुझी खरी वर्गणी पडवीतल्या सॉकेटची आहे, ती भरून झाली आहे.

तलाठ्याच्या मुलाचे गणित वेगळे. तो महिन्याचे पंचवीस दिवस रस्त्यावर असतो आणि रोज चाळीस युनिट जलद केंद्रावर घेतो. महिन्याला हजार युनिट. वर्गणीविना २२,००० रुपये, वर्गणीने १७,३०० रुपये. ४,७०० रुपयांची बचत, म्हणजे गाडीच्या हप्त्याला हातभार. त्याने वर्गणी भरलीच पाहिजे असे वाटते ना? पण थांबा. ही बचत हजारच्या हजार युनिट त्याच कंपनीच्या केंद्रावर घेतले तर. निम्मे तिथे आणि निम्मे दुसरीकडे घ्यावे लागले, तर बचत २,२०० वर येते. आणि कंपनीचे केंद्र रस्त्याच्या भलत्या बाजूला असल्यामुळे महिन्यात पन्नासच युनिट तिथे झाले, तर वर्गणीच अंगावर येते. म्हणून वर्गणीचा प्रश्न शेवटी पैशांचा राहत नाही, जाळ्याचा होतो.

या जाळ्याबद्दल आमच्या गावाची एक गंमत सांगतो. पुतण्याने मोबाइलवर 'औंध' शोधले तर नकाशावर चार्जिंगचे ठिपके दिसले. मी म्हटले, वा! नीट पाहिले तर ते सगळे पुण्यातल्या औंधचे. आमचे औंध, पंतप्रतिनिधींचे, खटाव तालुक्यातले, ते दीडशे किलोमीटर अलीकडे रिकामे होते. वर्गणी विकताना "राज्यभर इतकी केंद्रे" असे सांगतात, त्यातली बहुतेक अशीच, दुसऱ्याच औंधची असतात. राज्यातली केंद्रे मोजून आपल्याला काय करायचे? आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, आपल्याला लागेल त्या जागी, त्या कंपनीच्या चालू बंदुका किती, एवढेच मोजावे. ('बंदूक' म्हणजे गाडीला लावायची ती नळी. सगळे तसेच म्हणतात, मीही शिकलो.)

'चालू' हा शब्द मुद्दाम घातला. नकाशावर केंद्र हिरवे दिसते आणि जागेवर गेल्यावर पडदा काळा असतो, नाहीतर बंदूक लागते पण वीज सुरूच होत नाही. ओळखायचे कसे? त्या केंद्राखाली लोकांनी लिहिलेल्या नोंदींच्या तारखा बघाव्यात. गेल्या दोन-चार दिवसांत कुणी तिथे गाडी भरल्याची नोंद असेल तर विश्वास ठेवावा. दुसरे, एकच बंदूक असलेल्या केंद्रावर प्रवास बेतू नये. दोन किंवा अधिक असतील तर एक बंद असली तरी अडत नाही. तिसरे, शेवटच्या थेंबापर्यंत जाऊ नये. पुढच्या केंद्रापर्यंत पोचेल इतके शिल्लक ठेवूनच थांबावे.

शिवाय दर कंपनीचे ॲप वेगळे, पाकीट वेगळे. प्रत्येकात शंभर-दोनशे रुपये आगाऊ भरायचे आणि ते तिथेच पडून राहायचे. तलाठ्याच्या मुलाच्या मोबाइलमध्ये अशी पाच पाकिटे आहेत आणि त्यांत मिळून हजाराच्या घरात पैसे अडकले आहेत. ही न सांगता घेतलेली वर्गणीच झाली, आणि तिच्यावर सूटही नाही. केंद्र सरकारने २०२५ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकच ॲप करण्याचे काम भेलकडे सोपवल्याचे जाहीर केले. पैसे पाठवायला एक यूपीआय चालते, तसे हे झाले तर वर्गणीचा अर्धा मोह आपोआप सुटेल. कारण आज लोक सुटीसाठी कमी आणि "एकाच ॲपात काम व्हावे" म्हणून जास्त वर्गणी भरतात.

आता तिसरा आकार, अडवलेल्या जागेचा. याच्यावर लोक फार चिडतात. "वीज घेतली तिचे पैसे दिले, आता उभे राहण्याचे कसले?" मला मात्र तिघांत हाच आकार सर्वांत न्याय्य वाटतो, नीट लावला तर.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाटाच्या पाण्याची पाळी असते. आपले रान भिजले की दार मोडून पाणी पुढच्याला द्यायचे. भिजल्यावरही दार धरून बसणारा जास्त पाणी वापरतो असे नाही, तो दुसऱ्याची पाळी खातो. चार्जिंगच्या बंदुकीचे तसेच आहे. तिथे वीज एक वेळ पुरते, दुष्काळ जागेचा असतो. युनिटचा दर विजेची किंमत घेतो, पण जागेची घेत नाही. म्हणून गाडी भरल्यावर हॉटेलात निवांत बसलेल्या माणसाला युनिटचा दर उठवू शकत नाही.

ठराविक रकमेत 'हवे तेवढे' दिले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. शेतीपंपांना महाराष्ट्रात अनेक वर्षे मीटरविना, अश्वशक्तीवर बिल येई. (साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल २०२४ पासून सरकारच भरते.) वीज कधी येईल याचा नेम नाही आणि जास्त वापरली तरी बिल तेवढेच, म्हणून पंपाला ऑटोस्विच बसले. वीज आली की गरज असो नसो, पंप सुरू. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, दरपत्रकानेच त्याला ते शिकवले. उद्या कुणी 'महिन्याला इतके भरा आणि अमर्याद चार्जिंग करा' अशी वर्गणी महामार्गावर आणली, तर गाड्यांच्या रांगाही असेच वागायला शिकतील. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: विजेचा दर युनिटनेच असावा, जागेचा मिनिटाने असावा, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत.

फक्त जागेचा आकार लावायची रीत शहाणपणाची हवी. टेस्लाने हा आकार २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुरू केला. गाडी भरल्यावर पाच मिनिटांत हलवली तर माफ. केंद्रातल्या निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या असतील तर आकार नाही. सगळ्या भरल्या असतील तर दुप्पट. रांग नसताना दंड घेणे ही लूट, आणि रांग असताना न घेणे हा मागच्यावर अन्याय, हे त्यात ओळखले आहे. आपल्याकडे मात्र काही ठिकाणी केंद्र ओस पडलेले असतानाही मिनिटे मोजली जातात. पुतण्याला एकदा असा अनुभव आला. त्याने ३९६ रुपयांची वीज घेतली. दहा मिनिटांची सवलत संपल्यावर पस्तीस मिनिटे तो जेवत होता, मिनिटाला दोन रुपये, म्हणजे सत्तर रुपये. बाकी जागा रिकाम्याच होत्या. त्याचा युनिट बावीसचा सव्वीसला पडला. वर्गणीने जितकी सूट मिळाली असती, जवळपास तितकी एका जेवणात गेली असती. म्हणून वर्गणी घेणाऱ्यानेही अटींमधली तीन वाक्ये आधी वाचावीत: सवलतीची मिनिटे किती, मिनिटाचा दर किती, आणि दंडाला कमाल मर्यादा आहे की नाही.

आणखी एक बारकावा. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की जलद चार्जिंग मुद्दाम मंदावते. बॅटरीच्या तब्येतीसाठी ते आवश्यक असते. शेवटचे वीस टक्के भरायला आधीच्या मोठ्या हिश्श्याइतकाच वेळ लागू शकतो. अशी गाडी तांत्रिकदृष्ट्या 'भरत' असते, त्यामुळे दंड लागत नाही, पण मागची रांग तेवढीच खोळंबते. इलेक्ट्रिफाय अमेरिकेने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दहा गजबजलेल्या केंद्रांवर ८५ टक्क्यांनंतर चार्जिंग थांबवून पाहिले. नियम असो नसो, रांग असेल तर ८० वर निघावे. पुढे गरज पडली तर पुढच्या केंद्रावर दहा मिनिटे थांबणे स्वस्त पडते.

मात्र महामार्गाचा नियम आमच्या गावाला लावू नये. उद्या यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी किंवा भवानी संग्रहालयापाशी चार्जिंगची सोय झाली, तर तिथे महागडी जलद बंदूक नकोच. यात्रेकरू आणि चित्रे बघायला येणारी मंडळी दोन-तीन तास थांबतात. सव्वातीन युनिटांच्या साध्या सॉकेटवर तीन तासांत दहा युनिट मिळतात, म्हणजे साठेक किलोमीटर. पुसेसावळी, वडूज, रहिमतपूरकडे परत जाणाऱ्याला तेवढे पुष्कळ झाले. सातच्या सॉकेटवर वीसेक युनिट मिळतात, ते साताऱ्याच्या पुढेही नेतात. अशा जागी माणसाने डोंगरावरून मिनिटे मोजत धावत खाली यावे, असा दंड असू नये. तासा-दोन तासांची सवलत द्यावी आणि पौषातल्या यात्रेच्या दिवसांतच ती कमी करावी. दर फळ्यावर मराठीत लिहावा, करासह, आणि पैसे साध्या यूपीआयने घ्यावेत. वर्षातून एकदा येणाऱ्याला पाकीट उघडायला लावू नये.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे म्हटले आहे, की चार्जिंग केंद्राला मिळणारी वीज सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या वेळेत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट असावी, आणि ही सोय ३१ मार्च २०२८ पर्यंत. म्हणजे दिवसाची वीज रात्रीच्या जवळपास निम्म्या किमतीत केंद्राला मिळू शकते. हा फरक गाडीवाल्यापर्यंत पोचतो का, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. जे केंद्र दिवसाचा आणि रात्रीचा दर वेगळा दाखवते, त्याच्याकडे जावे. ती सूट वर्गणी न भरता मिळते.

तलाठ्याच्या मुलाला मी शेवटी एक वही दिली आहे. महिनाभर रोज तीन रकाने भरायचे: कुठे भरली, किती युनिट, किती मिनिटे रांगेत गेली. महिना संपला की एकाच कंपनीचे युनिट वेगळे काढायचे आणि त्या साठाशी ताडून बघायचे. रांगेची मिनिटेही बेरजेत धरायची, कारण भाड्याच्या गाडीला उभा राहिलेला प्रत्येक तास म्हणजे बुडालेली मजुरी. पहिल्या पंधरवड्याची पाने पाहिली. त्यात एका कंपनीचे युनिट सर्वांत स्वस्त आहेत आणि तिच्याच केंद्रावर त्याची सर्वांत जास्त मिनिटे गेली आहेत. उरलेला पंधरवडा भरू द्या, मग वर्गणीचे ठरवू.